टेनिस बघताना स्पर्धेच्या नावातला आकडा आणि मागच्या वर्षीचा हिशेब बघा

आपल्याकडे जळगाव-धुळ्यात टेनिस बघणारे बरेच आहेत, पण बहुतेकांचं बघणं विम्बल्डनच्या फायनलपुरतं. बाकी वर्षभर चॅनेलवर कुठली ना कुठली स्पर्धा चालू असते, ती मोठी की छोटी तेच कळत नाही, म्हणून रिमोट पुढे जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण समजून घ्यायच्या गोष्टी दोनच आहेत.

पहिली गोष्ट स्पर्धेच्या नावातच असते. मास्टर्स 1000, एटीपी 500, एटीपी 250 यातला आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे गुण. महिलांच्या डब्ल्यूटीए स्पर्धांचंही तसंच. चार ग्रँड स्लॅमच्या नावात आकडा नसतो, पण तिथल्या विजेत्याला 2000 मिळतात. या सगळ्याच्या खाली चॅलेंजर. चॅलेंजर 100 जिंकली की 100 गुण. त्याहूनही खालच्या एम15, एम25 मध्येही तसंच, विजेत्याला 15 आणि 25 गुण.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. क्रमवारी म्हणजे गेल्या 52 आठवड्यांची कमाई. आज मिळालेले गुण पुढच्या वर्षी तीच स्पर्धा आली की खात्यातून जातात, आणि त्यांच्या जागी यंदाचे येतात. म्हणून कॉमेंट्रीत ‘गुण राखायचे आहेत’ असं सारखं ऐकू येतं.

आपल्या सुमित नागलचंच बघा. जानेवारी 2024 मध्ये तो ऑस्ट्रेलियन ओपनला पात्रता फेरीतून वर आला आणि पहिल्याच फेरीत 31 वं मानांकन असलेल्या बुब्लिकला हरवलं. पात्रतेचे 30 आणि दुसऱ्या फेरीचे 50, असे 80 गुण झाले. पुढच्याच महिन्यात चेन्नईची चॅलेंजर 100 जिंकून आणखी 100 मिळवले आणि तो पहिल्या शंभरात आला. चेन्नईत पाच सामने जिंकून जेवढे गुण मिळाले, तेवढे ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत दोन सामने जिंकून मिळतात. पायऱ्यांमधलं अंतर हे एवढं आहे.

मग 2025 चा जानेवारी आला. या वेळी त्याला थेट प्रवेश होता, पण पहिल्याच फेरीत तो माखाचकडून हरला. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला 10 गुण. जुने 80 गेले, नवे 10 आले, म्हणजे एका सामन्यात 70 चा खड्डा, आणि नागल शंभराच्या बाहेर. तेव्हा ‘नागल संपला’ असं बोलणारे भेटले. अरे भाऊ, त्याचा खेळ एका रात्रीत बिघडला नव्हता, वर्षापूर्वीची चांगली कमाई खात्यातून गेली होती. आणि शंभराच्या बाहेर जाणं हे खेळाडूला खरोखर महागात पडतं, कारण ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीचा थेट प्रवेश साधारण तिथेच संपतो. पुढच्या वेळी पुन्हा पात्रतेचे तीन सामने.

म्हणून बघायला सामना निवडताना मी आधी एवढंच तपासतो: या खेळाडूने मागच्या वर्षी इथे काय केलं होतं? फायनल गाठलेला माणूस यंदा पहिल्या फेरीत पिछाडीवर असेल, तर ती मॅच सोडू नका. त्याच्यावरचा ताण तुम्हाला सर्व्हिसमध्ये दिसेल.

स्पर्धेच्या बाबतीत माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगतो. ग्रँड स्लॅमचा पहिला आठवडा नवख्यासाठी अवघड. 128 खेळाडू असतात, 32 जणांना मानांकन असतं, आणि मानांकित खेळाडू एकमेकांसमोर तिसऱ्या फेरीआधी येतच नाहीत. पुष्कळ सामने एकतर्फी होतात. त्यापेक्षा मास्टर्स 1000 ची उपांत्यपूर्व फेरी धरा. वरचे जवळजवळ सगळे तिथे असतात आणि सामना तीनच सेटचा, म्हणजे दुकान बंद करून बसलात तरी पूर्ण बघून होतो. फ्रेंच ओपन मात्र सोडू नका. मे अखेरीस दुपारी अडीचला सुरू होते, आणि तेव्हा आपल्या उन्हात तसंही कोणी बाहेर पडत नाही.

आणि चॅलेंजरला कमी लेखू नका. 2024 मध्ये पुण्यात बालेवाडीला चॅलेंजर 100 झाली, ती मोनॅकोच्या वॅलेंटिन वाशरोने जिंकली. ऑक्टोबर 2025 मध्ये हाच वाशरो 204 व्या क्रमांकावर असताना शांघाय मास्टर्सच्या पात्रता फेरीत उतरला, उपांत्य फेरीत जोकोविचला हरवलं, फायनलमध्ये स्वतःच्या मावसभावाला, रिंडरनेकला हरवलं आणि थेट 40 व्या क्रमांकावर पोहोचला. पुण्याचे 100 गुण तोपर्यंत त्याच्या खात्यातून कधीच गेले होते. पण बालेवाडीच्या कोर्टजवळ बसून ज्यांनी त्याला बघितलं, त्यांनी भावी मास्टर्स विजेता बघितला होता. जळगावहून पुणे एका रात्रीच्या बसचं अंतर आहे. पुढची चॅलेंजर लागली की जाऊन या.