पाकीट उलटं करायचं नाही, सांगून ठेवतो

घरात कुणाला शुगर निघाली की आठवड्याभरात दोन वस्तू येतात, एक ग्लुकोमीटर आणि एक हिरव्या पाकिटातलं लो जीआय बिस्किट. जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, खाल्लेल्या पदार्थानं रक्तातली साखर किती चढते त्याचा आकडा, ग्लुकोजला १०० धरून. ग्लुकोमीटर टोचतो म्हणून तो कपाटात जातो. बिस्किट टोचत नाही, ते चहाबरोबर दिवसातून तीनदा बाहेर येतं. तुमच्याकडेही हेच चालू असेल तर छानच चाललंय, फक्त एक पथ्य पाळा, पाकीट उलटं करू नका.

पुढची बाजू बघा की. हिरवा रंग, गव्हाच्या ओंब्या, कोपऱ्यात एक कारलं. मोठ्या अक्षरात 'लो जीआय' आणि त्याच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी. ती चांदणी मागच्या बाजूला कुठं उतरते ते शोधत बसलात तर कधीकधी असं सापडतं की 'ओट्सचा ग्लायसेमिक इंडेक्स कमी असतो'. बिस्किटाचा नाही हं, ओट्सचा. मुलगा काय शिकलाय विचारलं तर त्याचा मामा प्राध्यापक आहे म्हणून सांगण्यातला हा प्रकार, पण एवढ्यावरून चांगलं स्थळ कुणी मोडतं का?

आता ऐकायचंच नाही आणि उलटवलंतच, तर समजा मागं असं लिहिलंय: आटा ३१ टक्के, मैदा, पाम तेल, माल्टोडेक्स्ट्रिन, ओट्स ४ टक्के, फुगवणारे पदार्थ, मीठ, मेथी पावडर, कारले पावडर, गोडी आणणारा पदार्थ (९५५). ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते आधी. मीठ किती असतं बिस्किटात, चिमूटभर. मेथी आणि कारलं त्याच्याही खाली, म्हणजे चिमटीपेक्षा कमी. पुढच्या बाजूला कारलं केवढं, मागं केवढं, असले हिशोब सज्जनांनी करू नयेत.

आटा पहिला आहे हे बघून खूश व्हा आणि तिथंच थांबा. त्याच्या खांद्याला खांदा लावून मैदा उभा आहे आणि त्याचे टक्के छापलेलेच नाहीत, ते तीसही असू शकतात. बरं आटा म्हणजे अख्खा गहू खरा, पण दळून पार भुकटी झालेला. कोंडा आहे, फक्त स्टार्चभोवतीचं कुंपण चक्कीतच मोडलंय, त्यामुळं पोटातल्या रसांना तो मैद्याइतकाच चटकन सापडतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय तक्त्यांमध्ये पांढऱ्या ब्रेडचा सरासरी जीआय ७५ आणि होल व्हीट ब्रेडचा ७४ आहे. त्या एका आकड्यासाठी आपण दुप्पट पैसे देतो आणि कधीकधी त्या ब्रेडचा तपकिरी रंगसुद्धा कोंड्याचा नसून कॅरॅमलचा असतो (यादीत १५० आणि पुढं एखादं अक्षर दिसलं तर तोच तो).

माल्टोडेक्स्ट्रिनकडं तर बघूच नका. नाव इतकं शास्त्रीय आहे की औषधच वाटतं. हा स्टार्च तोडून केलेला पांढरा भुगा, फारसा गोड नाही, त्यामुळं खाणाऱ्याला संशय येत नाही, आणि त्याचा जीआय ग्लुकोजच्या आसपास म्हणजे १०० च्या जवळ, आपल्या साध्या साखरेचा ६५ च्या आसपास. पण पोषणाच्या तक्त्यात 'साखर' या ओळीत फक्त छोटे रेणू धरतात, हा त्या ओळीत येतच नाही, नुसत्या कर्बोदकांच्या गर्दीत मिसळून जातो. मग पुढं ऐटीत छापता येतं 'नो ॲडेड शुगर', आणि ते खोटंही नसतं.

आता तुम्ही म्हणाल, मग लो जीआय लिहिणं म्हणजे थापच की. तसंही नाही, आणि खरी गंमत इथंच आहे. बिस्किटाच्या पिठात पाणी कमी, भाजणं झटपट, त्यामुळं स्टार्चचे दाणे पूर्ण फुलत नाहीत आणि सावकाश पचतात. ब्रेडला पाणी भरपूर मिळतं, तिथं दाणे फुलून मऊ होतात. वर बिस्किटात पाम तेल, आणि तेल-तूप असलं की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, साखर हळू चढते. म्हणजे तेलकट बिस्किटाचा जीआय खरोखर ५५ च्या आत येऊ शकतो, आणि ५५ पर्यंत सगळं लो. बटाट्याचे तळलेले वेफर्सही उकडलेल्या बटाट्यापेक्षा जीआयमध्ये सरस ठरतात. वजन, कोलेस्टेरॉल वगैरे किरकोळ गोष्टी जीआयला विचारायच्या नसतात, तो बिचारा फक्त रक्तातली साखर बघतो.

तर समजा कंपनीनं छातीठोक छापलंय, जीआय ५२. हा आकडा यादी वाचून निघत नाही, कुणालाच नाही, यादीवरून फक्त शंका घेता येते. तो काढायला आयएसओ २६६४२ नावाची पद्धत आहे: किमान १० निरोगी माणसं, रात्रभर उपाशी, ५० ग्रॅम पचणारी कर्बोदकं मिळतील एवढा पदार्थ खायचा, मग दोन तास ठरावीक वेळानं बोट टोचून साखर मोजायची आणि त्याच माणसांच्या ग्लुकोजच्या आलेखाशी ताडायची. काही जण हे न करता परीक्षानळीत बिस्किट विरघळवून अंदाज काढतात, स्वस्त पडतं, नळीला भूकही लागत नाही. कंपनीला मेल करून 'माणसांवर केली का टेस्ट, किती जणांवर' असं काही विचारू नका, उत्तरात हॅपी स्नॅकिंग येतं.

आपल्या पाकिटावर १०० ग्रॅममध्ये ६६ ग्रॅम कर्बोदकं, त्यातच धरलेले तंतू ७, म्हणजे पचणारी ५९. बिस्किट ८ ग्रॅमचं. म्हणजे टेस्टमधल्या माणसानं एका बैठकीत साधारण साडेदहा बिस्किटं खाल्ली. आणि पाकिटावर एक सर्व्हिंग किती, तर २ बिस्किटं! त्या दोनमध्ये साडेनऊ ग्रॅम कर्बोदकं, त्याला ५२ नं गुणून १०० नं भागलं की आला ग्लायसेमिक लोड, म्हणजे तेवढ्या खाण्याचा साखरेवर पडणारा एकूण भार, ५. दहाच्या आत म्हणजे कमी, झकास. पण ६५ जीआयच्या साध्या बिस्किटांची तेवढीच जोडी घेतली तरी लोड ६ च येतो. आणि लो जीआयच आहेत म्हणून बोलता बोलता दहा संपवली तर २५ च्या जवळ, जिथं २० पासून पुढं जास्त म्हणतात. तेव्हा बिस्किटं मोजू नका, मोजली की लो राहत नाहीत.

आणि कपाटातला ग्लुकोमीटर तिथंच राहू द्या बरं का. एक दिवस खायच्या आधी आणि मग दोन तासांनी साखर बघितली, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तेवढंच साधं बिस्किट खाऊन बघितली, तर त्यातून जीआय निघत नाही, एका माणसाच्या दोन दिवसांवर तो निघतच नाही, पण तुमच्या अंगाला त्या हिरव्या पाकिटानं कितपत फरक पडतो ते दिसायला लागतं. चार स्ट्रिपा जातील उगाच. त्या पैशात अजून एक पाकीट येतं, आणि बाय वन गेट वन असेल तर दोन.