डोळे मिटा, क्यूआर उघडा

परवा गावच्या ग्रुपवर पुन्हा एक पोस्टर आलं. नाकात नळी घातलेला मुलगा, खाली लाल अक्षरांत ‘तातडीने १५ लाख’ आणि त्याखाली क्यूआर. मी एवढंच विचारलं, खातं कुणाचं? झालं! ‘तुमच्या घरी कुणी आजारी पडलं नाही वाटतं,’ इथपासून सुरुवात झाली. तेव्हा दयाळू दिसायचं असेल तर काय करावं, ते सांगतो.

एस्टिमेट झूम करू नका. हॉस्पिटलचं लेटरहेड दिसलं की हात जोडा. मी झूम केलं. बेळगावच्या हॉस्पिटलचं पत्र, ऑपरेशन, आयसीयू, औषधं मिळून ४,८०,००० रुपये. तारीख मागच्या वर्षीची. पेशंटच्या नोंदणी क्रमांकावर काळी पट्टी. आता ४.८० चे १५ होऊ शकतात, नाही असं नाही. आयसीयूतला मुक्काम लांबला, इन्फेक्शन झालं की बिल फुगतंच. पण मग सुधारित एस्टिमेट किंवा आजवरचं इंटरिम बिल असतं, बिलिंग काउंटरवर मागितलं की मिळतं. शिवाय गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा कार्डावर पॅनेलवरच्या हॉस्पिटलात मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत मिळतात. ते धरून १५ की सोडून, हेही विचारू नका.

खात्री करायचीच असेल तर पोस्टरवरच्याच नंबरावर फोन करा.

स्कॅन केल्यावर पैसे जाण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव स्क्रीनवर येतं. तिकडे तर अजिबात बघू नका! पोस्टरवर मुलाच्या बापाचं नाव, स्क्रीनवर तिसऱ्याच कुणाचं. ‘ते समाजसेवक आहेत.’ बरं, असतील. मुलगा अल्पवयीन, आई हॉस्पिटलात, म्हणून मामाच्या खात्यात पैसे मागवले, तर समजू शकतो. मग ‘हे मामा’ असं दोन शब्दांत लिहा ना! समाजसेवकाच्या बचत खात्यात त्याचा पगार येतो, कर्जाचा हप्ता जातो, त्यातच आमचे पाचशे. यातले मुलाचे किती, हे तो कुठल्या वहीत लिहितो? आणि मधला माणूस हवाच कशाला? हॉस्पिटलचं स्वतःचं खातं असतं. पेशंटचा आयपी नंबर, म्हणजे भरतीचा नोंदणी क्रमांक, टाकून तिथे भरा, पावती पेशंटच्या नावाने निघते. पण तो नंबर मागितला की ‘प्रायव्हसी’. मुलाचा नळीसकट फोटो गावभर फिरवताना कुठे गेली होती प्रायव्हसी?

अपडेट मागू नका. ‘प्रकृती स्थिर, मदत सुरू ठेवा’ पुरेसं आहे.

पुरे झाला उपरोध. ॲडमिन, तुम्हालाच विचारतोय. किती जमले? हॉस्पिटलात किती भरले? कुठल्या तारखेला? मुलाला घरी सोडलं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि फायनल बिल कुठे आहे, उरलेले पैसे कुणाकडे आहेत? खरोखर अडलेली एखादी आई बिलिंग काउंटरसमोर बसलेली असते, आणि तुमच्या या भोंगळ कारभारामुळे तिचं पोस्टर लोक न वाचताच डिलीट करतात. लाज वाटू द्या थोडी. आज रात्रीपर्यंत पावत्या टाका, नाहीतर तो क्यूआर ग्रुपवरून काढा.