ब्योमकेश रजित कपूर होते, रजत नव्हे

प्रश्न : दूरदर्शनवरच्या जुन्या 'ब्योमकेश बक्शी' मालिकेत नायकाचं काम कोणी केलं?
उत्तर : "रजत कपूर यांनी. 'रजित' हा त्याच नावाचा दुसरा उच्चार. हेच पुढे 'दृश्यम'मध्ये तब्बूच्या नवऱ्याच्या भूमिकेत दिसले. मालिका सत्यजित राय यांची होती आणि सत्यवतीचं काम एका बंगाली अभिनेत्रीनं केलं होतं."

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या अंकातलं हे उत्तर कोणीतरी कापून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं आणि आमच्या तालुक्यातल्या चार-पाच ग्रुपांवर ते फिरलं. मागच्या महिन्यात एका शाळेच्या प्रश्नमंजूषेत हाच प्रश्न आला. माझ्या नातीनं 'रजित कपूर' लिहिलं, कारण ती मालिका तिनं माझ्याजवळ बसून मोबाईलवर पाहिली आहे. तिला गुण मिळाला नाही. विचारायला गेलो तर तुमचं कात्रण समोर ठेवलं. छापील शब्दापुढे पोरीचं काही चाललं नाही, म्हणून मी लिहायला बसले.

आधी नावाचं. रजित आणि रजत हे एकाच नावाचे दोन उच्चार नाहीत, ती दोन वेगळी माणसं आहेत आणि दोघंही आजच्या घडीला ओळखीचे नट आहेत. देवनागरीत फरक एका वेलांटीचा, तेवढी गळली की माणूसच बदलतो. इंग्रजी अक्षरांत पाहिलं तर घोळ राहत नाही. एक Rajit Kapur, दुसरे Rajat Kapoor. आडनावाचं स्पेलिंगसुद्धा वेगळं. ब्योमकेश झाले ते पहिले.

ही चूक होते कशी, हे मला चांगलं ठाऊक आहे. 1993 साली ही मालिका लागली तेव्हा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात टीव्ही मोजकेच होते. आमच्याकडचा कृष्णधवल. अँटेना बांबूला बांधलेली. मालिकेचं संगीत सुरू झालं की आमचे हे धाब्यावर चढायचे आणि बांबू फिरवत वरून ओरडायचे, "आलं का?" मी खाली सुपात तूर निवडत बसलेली. "मुंग्याच हायेत अजून. वाईच डाव्या हातानं फिरवा!" चित्र जागेवर येईस्तोवर नावं निघून गेलेली असायची. आमच्यासारख्या कितीतरी घरांनी हा माणूस चेहऱ्यानं ओळखला, नाव ऐकीव राहिलं. पुढे रजत कपूर सिनेमांत दिसू लागले आणि ऐकीव नाव त्यांना जाऊन चिकटलं. आमच्या घरात हे झालं तर समजू शकते. छापणाऱ्यानं मात्र नावं थांबवून वाचायला हवी होती, आता तर ती थांबवताही येतात.

'दृश्यम'चं म्हणाल, तर तुमचं अर्धं बरोबर आहे. 2015 च्या हिंदी 'दृश्यम'मध्ये तब्बूचे नवरे झालेत ते रजत कपूरच. फक्त ते ब्योमकेश नव्हेत. रजत हे दिग्दर्शकही आहेत, 'आँखों देखी' हा सिनेमा त्यांचा, त्यात संजय मिश्रांच्या धाकट्या भावाचं काम त्यांनीच केलं. रजित कपूर पाहायचे असतील तर 2018 चा 'राज़ी' काढा. त्यात आलिया भटचे वडील झालेत ते हे. माझ्या नातीनं एका रविवारी 'राज़ी' आणि 'दृश्यम' लागोपाठ लावले आणि मग मालिकेचा एक भाग लावला. तिसऱ्या मिनिटाला शेजारची बाईही म्हणाली, "हा तर पोरीचा बाप हाय वो!" वाद मिटवायला याहून सोपी रीत नाही. कोणाच्या सांगण्यावर जायचं कामच नाही, डोळ्यांनी पाहायचं.

रजित कपूर काही तेव्हा कुठून अचानक उगवलेले नव्हते. मालिकेच्या आदल्याच वर्षी श्याम बेनेगलांच्या 'सूरज का सातवाँ घोड़ा'मध्ये ते माणिक मुल्ला झाले होते, मित्रांना बसवून गोष्टी सांगणारा. नंतर बेनेगलांच्याच 'द मेकिंग ऑफ द महात्मा'मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतले तरुण गांधी केले आणि त्या कामाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा माणसाचं सगळ्यात घराघरांत पोचलेलं काम दुसऱ्याच्या नावावर जाणं मला खरोखर लागतं.

आता सत्यजित राय. त्यांनी ब्योमकेशावर केलं ते बंगाली सिनेमात, 'चिड़ियाखाना', 1967 साली, आणि तिथे ब्योमकेश होते उत्तम कुमार. दूरदर्शनची मालिका बासू चॅटर्जी यांची. 'रजनीगंधा' आणि 'छोटी सी बात' केलेले तेच, आणि प्रिया तेंडुलकरची 'रजनी'ही त्यांचीच. कथा दोन्हीकडे शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या, बहुधा तिथूनच गल्लत झाली असावी. बासूदांचा हात मालिकेत जागोजागी दिसतो. धावपळ नाही, गोळीबार नाही. ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो, म्हणजे खरं शोधणारा. पहिल्याच गोष्टीत तो अतुल हे खोटं नाव घेऊन कलकत्त्याच्या एका मेसमध्ये राहायला येतो. खोली मिळत नाही तेव्हा अजित त्याला आपल्या खोलीत घेतो. मेस चालवणारे डॉक्टर अनुकूलबाबू होमिओपॅथीच्या पुड्या देणारे, गरिबांचे कैवारी. त्या पुड्यांआड कोकेनचा धंदा चालतो, हे शेवटी कळतं. आणि अजितचं काम के. के. रैना यांनी इतक्या साधेपणानं केलंय की तो आपल्याच बाजेवर बसून गोष्ट सांगतोय असं वाटावं.

शेवटचं, सत्यवती. इथे तर आपण मराठी माणसांनी चुकायलाच नको होतं. सत्यवती आहेत सुकन्या कुलकर्णी, आताच्या सुकन्या कुलकर्णी-मोने. आपल्या मराठी नाटक-मालिकांतल्या! वारंवार मृत्युपत्र बदलणाऱ्या म्हाताऱ्याच्या खुनाच्या गोष्टीत ती भेटते. तिच्या भावावर, सुकुमारवर, आळ आलेला असतो. तिचा ब्योमकेशशी संबंध येतो तो तिथूनच, आणि पुढे ती त्याची बायको होते. तेव्हा आमच्या ओसरीवर कोणालाच पत्ता नव्हता की ही आपल्या भाषेतली आहे. पुढे तिला मराठी मालिकेत पाहिलं तेव्हा माझी जाऊ ओरडली, "अवो, ही तर त्या बंगाल्याची बायको!"

माझी मागणी एवढीच. पुढच्या अंकात त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा : नायक रजित कपूर, अजित के. के. रैना, सत्यवती सुकन्या कुलकर्णी, दिग्दर्शक बासू चॅटर्जी. अंक आला की मी त्या पानाचं कात्रण काढून नातीसोबत शाळेत नेणार आहे.

आपली,
एक प्रेक्षक
जि. यवतमाळ