धूर नसला तरी तोंड का आखडतं?

“कॅन्सर होतो तो विडी-सिगारेटच्या धुरानं. गुटखा, खैनीत धूरच नाही. चुन्यानं कॅल्शियम मिळतं, तंबाखूनं हिरड्या घट्ट राहतात. तोंड कमी उघडतं ते अक्कलदाढेमुळं, पुडी बंद केली की आपोआप मोकळं होतं. नुसती सुपारी तर एकदम सेफ. आमचे आजोबा 80 वर्षांपर्यंत खात होते, काही झालं नाही. पुढे पाठवा.”

हा मेसेज गेल्या महिन्यात मला तीन पेशंटनी दाखवला. सातपूरला माझा दातांचा दवाखाना आहे. एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की येणाऱ्या दहा जणांत दोघा-तिघांच्या खिशात पुडी असतेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात धुरापासून. तंबाखूतली कॅन्सर करणारी मुख्य द्रव्यं म्हणजे नायट्रोसामाइन्स. ती पान वाळवताना, मुरवताना, साठवताना पानातच तयार होतात. त्यासाठी काडी ओढावी लागत नाही. खैनीचा बार खालच्या ओठामागं किंवा गालात पंधरा-वीस मिनिटं राहतो, दिवसातून आठ-दहा वेळा, आणि बहुतेक वेळा त्याच जागी. तेवढ्या वेळात ही द्रव्यं लाळेत उतरतात, तोंडाच्या नाजूक अस्तरातून आत जातात आणि तिथल्या पेशींच्या डीएनएला चिकटतात. म्हणूनच आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा गाल आणि खालची हिरडी जिथं भेटतात त्या खाचेत सापडतो, म्हणजे जिथं बार असतो तिथंच. पेशंटला मी आधी विचारते, “कुठल्या बाजूला ठेवता?” आणि मग त्या बाजूला आरसा धरते. पांढरा, खरखरीत, पुसला न जाणारा चट्टा असेल तर तो बहुधा तिथंच दिसतो.

चुन्यानं दाताला काहीही मिळत नाही. तो तंबाखूत घालतात कारण त्यामुळं निकोटीन अस्तरातून भराभर रक्तात शिरतं आणि किक लवकर बसते. तोच चुना अस्तर भाजतो, सोलतो, आणि बाकीच्या द्रव्यांना आत जायला वाट मोकळी करून देतो. हिरडीचं म्हणाल तर बार ठेवायच्या जागी ती खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, गार पाणी लागलं की ठणका बसतो. आतलं हाडही झिजतं आणि दात हलायला लागतो. तंबाखू लावल्यावर दुखणं थोडा वेळ बधिर होतं, हे खरं आहे. त्या थोड्या वेळाच्या आरामापायी माणूस दोन-तीन वर्षं उशिरा येतो.

आता तोंड न उघडण्याबद्दल. इथं मला थांबायचं आहे, कारण मेसेजमधली सगळ्यात घातक दोन वाक्यं हीच आहेत.

पावसाळ्याच्या तोंडावर वेल्डिंगचं काम करणारा 29 वर्षांचा एक तरुण आला. तक्रार काय, तर “मॅडम, मिसळ खाववत नाही, तोंडाची आग होते.” नाशिकचा माणूस मिसळ सोडतो म्हणजे काहीतरी बिनसलंय. वर्षभर तो पित्ताच्या गोळ्या घेत होता. पाणीपुरीची पुरी अख्खी तोंडात जाईनाशी झाली होती, ती तो फोडून खायचा. दुखत मात्र काहीच नव्हतं. सहा-सात वर्षं रोज आठ-दहा पुड्या.

मी त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनसुद्धा धड जाईनात. पट्टीनं मोजलं तर वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये 22 मिलिमीटर अंतर. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 35 ते 50 मिलिमीटर उघडतं. गालाचं अस्तर गुलाबी असायचं, ते संगमरवरासारखं फिकट पडलं होतं, आणि गालात बोट फिरवलं की आत ताणलेल्या सुतळीसारखे उभे पट्टे लागत होते. दोन्ही बाजूंना.

अक्कलदाढेनं तोंड आखडतं तेव्हा चित्र वेगळं असतं. ते दोन-चार दिवसांत होतं, एकाच बाजूला होतं, ठणका आणि सूज असते, कधी ताप येतो, आणि उपचार केले की आठवड्याभरात तोंड मोकळं होतं. या मुलाचं तोंड महिन्यामहिन्यानं, न दुखता, मिटत आलं होतं.

हे करते ती गुटख्यातली सुपारी. सुपारीत अॅरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. ते अस्तराखालच्या पेशींना कोलॅजनचे तंतू जास्त बनवायला लावतं. सुपारीतलं टॅनिन ते तंतू इतके चिवट करतं की शरीराला ते मोडता येत नाहीत, आणि तिच्यातलं तांबं तंतूंची एकमेकांत गुंफण वाढवतं. मऊ गालाचा हळूहळू चामड्याचा पट्टा होतो. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. नुसत्या खैनीत सुपारी नसते, त्यामुळं खैनीवाल्याचं तोंड सहसा असं आखडत नाही. त्याचं तोंड मिटायला लागलं तर मला जास्त धास्ती वाटते, कारण मग गाठ जबड्याच्या स्नायूंत शिरली असण्याची शक्यता असते. आणि तंबाखू नसलेला पानमसाला किंवा साधी गोड सुपारी खाणाऱ्यालाही फायब्रोसिस होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 साली सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे.

पुडी सोडली की आजार पुढे सरकायचा वेग कमी होतो, आगही बरीच शमते. पण तयार झालेले पट्टे विरघळत नाहीत. आणि धोकाही संपत नाही. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात फायब्रोसिसच्या 66 रुग्णांवर 17 वर्षांच्या काळात लक्ष ठेवलं, त्यातल्या 5 जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. त्यात अडचण अशी की तोंड जितकं कमी उघडतं तितका आत आरसा घालणं अवघड, आणि मागच्या बाजूची जखम दिसायला उशीर होतो. पुडी सोडल्यावरही दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला या, असं मी सांगते ते म्हणूनच. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, कारण नसताना हललेला दात, यातलं काही दिसलं तर तीन महिनेही थांबायचं नाही.

आजोबांबद्दल एवढंच, की प्रत्येक खाणाऱ्याला कॅन्सर होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण ते मळून खायचे ती तंबाखू आणि चुना. नातू खातो त्यात सुपारी आहे, आणि तो तिशीच्या आत माझ्या खुर्चीत बसतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या येतात कुठून हे टपरीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्या वेल्डरनं पुडी सोडली, तिसऱ्या प्रयत्नात. गालात आठवड्याला एक याप्रमाणे इंजेक्शनं झाली. घरी त्याला मी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा व्यायाम दिला. काड्यांची चळत वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये धरायची, ताण बसला की मध्ये अजून एक सरकवायची, रोज चार-पाच वेळा. एक काडी साधारण दोन मिलिमीटरची. पहिल्या दिवशी 11 काड्यांवर तो अडला होता. परवा रबर लावलेला जुडगा खिशातून काढून त्यानं माझ्यासमोर मोजून 14 बसवल्या. पंधरावी अजून जात नाही.