तीन कोटेशन, तीन भाषा: सळई घेताना किलोचा दर बघून ठरवू नका

घर बांधणाऱ्यांकडे हमखास दिसणारं दृश्य. फोनमध्ये स्टीलची तीन कोटेशन्स आलेली असतात. एक पीडीएफ, दुसरा दुकानदाराच्या वहीतल्या पानाचा फोटो, तिसरी एक्सेल फाइल. मालक तिन्हींतला दर बघतो, सगळ्यात लहान आकडा निवडतो आणि ऑर्डर देऊन मोकळा होतो. माझं स्पष्ट मत आहे की ते तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवण्याच्या लायकीचेच नसतात.

उदाहरण घेऊ. साइट छत्रपती संभाजीनगरला, लागणार 12 मिमीच्या 400 सळया, प्रत्येकी 12 मीटर. म्हणजे एकूण 4,800 मीटर. दर फक्त उदाहरणापुरते धरलेत.

पहिली, पीडीएफ: टनाला ₹52,500, जीएसटी वेगळा, माल जालन्याच्या गोडाऊनमधून उचलायचा, लोडिंग टनाला ₹250.
दुसरा, फोटो: सळईला ₹680, "सगळं धरून, साइटवर उतरवून".
तिसरी, एक्सेल: किलोला ₹61.50 टॅक्ससहित, साइटपोच, उतराई तुमची.

किलोत बोलायचं तर पहिला 52.50, तिसरा 61.50. पहिल्याचाच हात धरावासा वाटतो ना? थांबा.

आधी एकक. बांधकामाला लागते ती लांबी, विकलं जातं ते वजन. दोन्हींना जोडणारा आकडा म्हणजे मीटरचं वजन. 12 मिमीला तो 0.888 किलो. (व्यासाचा वर्ग भागिले 162 हे सूत्र साइटवर सगळ्यांना पाठ असतं, तेही इथेच आणून सोडतं.) म्हणजे एक सळई 10.656 किलो आणि 400 सळया सुमारे 4,262 किलो. कोणी दर बंडलचा दिला असेल तर बंडलमध्ये किती नग ते लेखी विचारा, अंदाज बांधू नका. तिन्ही दर याच 4,262 किलोला लावायचे आणि शेवटी मीटरमागे किती पडले ते काढायचं.

मग टॅक्स. सळईवर जीएसटी 18 टक्के. टॅक्ससहित दरातून टॅक्स काढताना बरेच जण सरळ 18 टक्के वजा करतात. ते चूक. 1.18 ने भागायचं असतं. 61.50 ला 1.18 ने भागलं की 52.12 येतात. 18 टक्के वजा केले तर 50.43. फरक किलोला ₹1.69, आणि एवढ्या मालावर तो ₹7,200 च्या घरात जातो. आता 52.12 हा आकडा पुन्हा बघा. जो तिसरा महाग वाटत होता, त्याचा टॅक्स वगळून दर पहिल्यापेक्षा कमी आहे आणि माल शिवाय दारात येतोय.

"माझ्याकडे जीएसटी नंबर आहे, टॅक्स परत मिळेल" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. स्वतःच्या वापरासाठी इमारत बांधताना, मग ती धंद्याची का असेना, त्या मालावरचं इनपुट क्रेडिट कायद्याने अडवलेलं आहे. त्यामुळे तुलना टॅक्स धरूनच करायची. सळई पुन्हा विकणाऱ्या व्यापाऱ्याने खुशाल टॅक्स वगळून करावी.

आता पोच, इथे पहिल्याचं खरं रूप दिसतं. एक्सेलमध्ये प्रत्येकासाठी एक स्तंभ करा आणि सूत्र असं ठेवा:

```
=(B2*B3+B4)*(1+B5)+B6+B7
```

B2 किलोचा दर, B3 किलोतलं वजन, B4 एकूण लोडिंग, B5 टॅक्स (0.18, दर टॅक्ससहित असेल तर 0), B6 गाडीभाडं, B7 एकूण उतराई. गाडी तुम्ही ठरवलीत ₹9,000 ला आणि उतराई टनाला ₹300 धरली, तर पहिला सुमारे ₹2,75,600 ला पडतो. मीटरला ₹57.40. गाडी त्यानेच पाठवून भाडं स्वतःच्या बिलात लावलं तर त्या भाड्यावरही 18 टक्के चढतात आणि 9,000 चे 10,620 होतात. तेव्हा ते भाडं B6 मध्ये नाही, B4 मध्ये मिळवा.

दुसरा सरळ: 400 गुणिले 680, ₹2,72,000. मीटरला ₹56.70.
तिसरा: उतराई धरून सुमारे ₹2,63,400. मीटरला ₹54.90.

सगळ्यात "स्वस्त" वाटलेला शेवटी गेला. पण तिसऱ्यालाही एवढ्यात हो म्हणू नका, कारण खरी मेख वजनात आहे. सळईच्या मानकात, म्हणजे आयएस 1786 मध्ये, 12 मिमीला पूर्ण खेपेसाठी मीटरच्या वजनात अधिक-उणे 5 टक्के सूट आहे, एकट्या नमुन्याला उणे 6 टक्क्यांपर्यंत. तिसऱ्याचं बिल काट्याच्या वजनावर असेल आणि सळई 3 टक्के जड निघाली, तर त्याच 4,800 मीटरसाठी तुम्ही 4,390 किलोचे पैसे मोजता. एकूण जातं ₹2,71,300 वर. दुसऱ्याशी असलेला साडेआठ हजारांचा फरक सातशेवर येतो.

नगावर विकणाऱ्याकडे हेच उलटं होतं. सळई 5 टक्के हलकी असेल तर नग तेवढेच, पैसे तेवढेच, लोखंड कमी. तिथे तोटा पैशात दिसत नाही, स्लॅबमध्ये जातो. म्हणून मला नगाचा दर मुळातच आवडत नाही. घ्यायचाच असेल तर मीटरचं किमान वजन लिहून घ्या.

फाइलींबद्दल थोडं. फोटोतला 680 हा 630 तर नाही ना, हे नग गुणिले दर करून खालच्या बेरजेशी ताडून बघा. बेरीज लिहिलेलीच नसेल तर फोन करून नाही, मेसेजवर विचारा. "सगळं धरून" मध्ये जीएसटी नसेल तर 2,72,000 चे 3,20,960 होतात, आणि जीएसटी नंबर नसलेल्या पानावर ही शंका घ्यायलाच हवी. एक्सेलमध्ये कोणी एकाच खान्यात "61.50/किलो" टाइप केलं असेल तर तो मजकूर ठरतो, SUM त्याला गुपचूप वगळतो आणि तक्रारही करत नाही. लपवलेले स्तंभ उघडा, दुसरी शीट बघा. पीडीएफचं शेवटचं पान वाचा, अटी तिथेच असतात. आणि तिन्हींवरची तारीख जुळवा. लोखंडाचे भाव रोज हलतात, सोमवारचा दर आणि शुक्रवारचा दर शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. ग्रेडही एकच हवी. एकाने Fe 500 आणि दुसऱ्याने Fe 500D दिली असेल तर तो माल वेगळा.

उधारी हवी तर तीही पैशात मोजा. 2.62 लाखांवर 30 दिवस, वर्षाला 12 टक्क्यांनी, साधारण ₹2,600. एवढ्यासाठी चढा दर स्वीकारायचा की नाही ते मग आपोआप दिसतं.

हे सगळं झाल्यावर तिघांनाही एकच मेसेज पाठवा: "12 मिमी, Fe 500D, 400 नग, 12 मीटर. जीएसटी, लोडिंग, भाडं, उतराई धरून साइटपोच एकूण रक्कम किती? वजन काट्यावरचं की पुस्तकी? दर कोणत्या तारखेपर्यंत?" माल आल्यावर दोन-चार सळयांचे बरोबर एक-एक मीटरचे तुकडे कापून वजन करा. तुकडा 835 ग्रॅमच्या खाली भरला तर तो मानकातल्या एकट्या नमुन्याच्या 6 टक्क्यांच्या सुटीतही बसत नाही. गाडी रिकामी व्हायच्या आधी दुकानदाराला तिथेच बोलवा.