सरासरी उतरते, पण नग वाढतात

«रेंज मोडली की सगळं विका, हा तुमचा सल्ला घाबरटपणाचा वाटला. खाली खरेदी चालू ठेवली तर सरासरी उतरते आणि चांगला शेअर परत येतोच. स्टॉपलॉस म्हणजे आपल्याच हातानं तोटा पक्का करणं. – एक ऐरोलीकर»

नमस्कार ऐरोलीकर,

माझ्याच ग्रिडचे, म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांवर लावलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींचे, आकडे मांडतो. शेअर बरेच दिवस 400 ते 450 मध्ये फिरत होता, हीच त्याची रेंज. मी 420, 415, 410, 405 आणि 400 ला प्रत्येकी 20 शेअरची खरेदी लावली होती. प्रत्येक लॉट 5 रुपये वर विकायचा. एका फेरीत 100 रुपये, त्यातून एसटीटी या व्यवहारावरच्या कराचे सुमारे 17 आणि डिमॅट खात्याचा डीपी चार्ज वगैरे गेले की 65 च्या आसपास उरतात.

आता भाव 370 ला गेला असं धरा. पाच पायऱ्यांवर थांबलात तर 100 शेअर, सरासरी 410, गुंतलेले 41,000. खाली आणखी सहा पायऱ्या घेतल्यात तर सरासरी 395 होते, पण शेअर 220 आणि पैसे 86,900. कागदावरचा तोटा 4,000 ऐवजी 5,500. सुटायला भाव 395 ला यावा लागतो, आणि तिथे पोचताच 400 च्या आसपास अडकलेले सगळे विकायला उभे असतात. कालचा आधार आज अडथळा होतो.

ग्रिडची कमाई भाव परत फिरण्यावर चालते. रेंजच्या बाहेर ते गृहीतकच उरत नाही; तिथली खरेदी ग्रिड नाही, तो वेगळा निर्णय आहे आणि त्याला वेगळं कारण हवं. कंपनीवर विश्वास असेल तर तो शेअर गुंतवणूक म्हणून वेगळा घ्या. 394 ला स्टॉपलॉस लावून बाहेर पडलो तर 1,600 जातात, म्हणजे चोवीस-पंचवीस फेऱ्यांची कमाई. एवढी किंमत मी सुरुवातीलाच मान्य केलेली असते.

स्टॉपलॉसही नेहमी वाचवत नाही, हे मात्र मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. माझ्याकडे 420 आणि 415 चे लॉट होते. संध्याकाळी कंपनीचे निकाल वाईट आले. सकाळी ठाणे स्टेशनच्या फलाटावर 9 वाजून 8 मिनिटांनी बाजार उघडण्याआधीचा प्री-ओपनचा भाव पाहिला तर 381. खालच्या तिन्ही खरेदी ऑर्डरी उघडताच 381 ला भरल्या. स्टॉपचा ट्रिगर 394 आणि लिमिट 392, म्हणजे 394 ला विक्रीची ऑर्डर सुटते पण 392 च्या खाली विकत नाही, त्यामुळे तो सुरू झाला पण विक्री झालीच नाही. ऑर्डर 392 ला लटकत राहिली. मुलुंड जाईपर्यंत मोबाइलला नेटवर्क नाही, मग 368 ला हातानं विकलं. 2,760 गेले.

तेव्हापासून निकालाच्या आदल्या दिवशी मी खालच्या सगळ्या खरेदी ऑर्डरी रद्द करतो. एरवी बाजार बंद होत आला असताना भाव 395 खाली असला आणि व्हॉल्यूम नेहमीपेक्षा मोठा दिसला तर दुसऱ्या दिवशीची वाट पाहत नाही.

तुमच्या ग्रिडमध्ये आत्ता रेंजखाली खरेदीच्या ऑर्डरी पडून असतील, तर विकायचं की नाही हे नंतर ठरवा. आधी त्या ऑर्डरी काढा.