दहा मिनिटांत हवा बदलते, स्लॅब नाही

"वरच्या मजल्यावर राहता? संध्याकाळी पाचला सगळ्या खिडक्या बंद करा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावा. कोंडलेली गरम हवा दहा मिनिटांत बाहेर, घर आठ अंशांनी थंड! फॅन जितका मोठा तितकं चांगलं." हा सल्ला एकेक सूचना घेऊन तपासू.

खिडक्या बंद करा. ही यातली सगळ्यात धोक्याची सूचना. जितकी हवा आत येईल तितकीच फॅन बाहेर टाकू शकतो. खिडक्या बंद असल्या की तो मिळेल तिथून हवा ओढतो: दाराच्या फटीतून, नहाणीच्या जाळीतून, डक्टकडच्या झरोक्यातून. नहाणीच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं असेल, तर गटाराचा वास घरभर पसरतो. गॅस गिझर असलेल्या घरात तर गिझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एक्झॉस्ट चालू असताना गॅस गिझर लावू नका.

फॅनपासून सगळ्यात लांबची खिडकी उघडा आणि मधली दारं उघडी ठेवा. फॅन खिडकीच्या वरच्या तावदानात बसवला असेल, तर त्याच खिडकीचा खालचा भाग मात्र बंद हवा. नाहीतर बाहेरची हवा तिथूनच आत येऊन लगेच फॅनमधून निघून जाते आणि खोल्या तशाच राहतात. खात्री करायची तर लांबच्या खिडकीजवळ उदबत्ती धरा. धूर ठामपणे आत वळायला हवा.

जितका मोठा तितकं चांगलं. इंचांवर जाऊ नका, खोक्यावरचा 'घनमीटर प्रति तास' हा आकडा पाहा. ४२० चौरस फुटांचं, साडेनऊ फूट उंचीचं वन बीएचके घेऊ. त्यात साधारण ११३ घनमीटर हवा मावते. तासाला नऊ वेळा हवा बदलायची तर १००० घनमीटर लागतात. छापील आकडा मोकळ्या हवेतला असतो. झडपा, जाळ्या आणि अरुंद वाटा यांत एक-तृतीयांश गळती धरा. म्हणजे खोक्यावर १५०० हवेत, आणि तितके १२ इंची फॅनमध्ये मिळतात. बाथरूमचा ६ इंची फॅन २५०च्या आसपास असतो. तो या कामाचा नाही.

पण १००० घनमीटर हवा सहज आत यायला निव्वळ ३ चौरस फूट मोकळी वाट लागते. डासांची जाळी असेल तर दुप्पट, ६ धरा. चार बाय चारच्या सरकत्या खिडकीचा एक पल्ला उघडला की ८ मिळतात, म्हणजे पुरे. वाट तेवढीच ठेवून १८ इंची फॅन लावला, तर दारं आपटतात, आवाज वाढतो आणि हवा फारशी वाढत नाही.

दहा मिनिटांत आठ अंश. हवा खरंच सात मिनिटांत बदलते. उष्णता मात्र हवेत नसतेच, ती डोक्यावरच्या स्लॅबमध्ये असते. याच घराचा पाच इंची स्लॅब सुमारे १२ टनांचा. एका अंशाला त्यात जेवढी उष्णता साठते, ती घरातल्या हवेच्या सुमारे ८० पट. दुपारचं ऊन स्लॅब ओलांडून आतल्या बाजूला पोचायला काही तास लागतात, म्हणून संध्याकाळी सातला छताला हात लावला तर ते गरमच लागतं. फॅन बंद केला की नवी हवाही तशीच तापते.

आत-बाहेर तीन अंशांचा फरक असेल, तर हा फॅन जेमतेम एक किलोवॉट उष्णता बाहेर नेतो. त्या वेगाने स्लॅब तीन अंश उतरायला नऊ तास लागतात. स्लॅब गच्चीकडूनही थोडा निवतो, पण भिंतींची उष्णता या हिशेबात धरलेलीच नाही. शिवाय फरक घटतो तसा वेगही घटतो. म्हणजे काम रात्रभराचं आहे. आणि मे महिन्यात मुंबईत रात्री आठला बाहेरच ३० अंशांच्या आसपास असतं. फॅन घराला त्याच्या खाली नेऊच शकत नाही. आत ३३-३४ असेल तर कमाई तीन-चार अंशांची, आठची नाही.

छताचा पंखाही बंद करू नका. एक्झॉस्टमुळे खोलीतली हवा इतकी संथ सरकते की अंगाला जाणवतही नाही, आणि इथल्या दमटपणात घाम वाळायला वारा लागतोच.

संध्याकाळी पाचला. घड्याळ नको, दोन थर्मामीटर पाहा: एक खोलीत, दुसरा बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा दोन अंशांनी खाली आला की फॅन लावा. पाचला बाहेरची हवा आतल्याइतकीच गरम असेल, तर नुसती वीज जाते. पश्चिमेची खिडकी असेल तर हवा तिथूनच आत घ्या, म्हणजे समुद्रावरचा वारा फॅनला हातभार लावेल. फॅन त्या वाऱ्याच्या तोंडावर बसवला, तर झडपा अर्ध्याच उघडतात आणि फडफडत राहतात. तसं दिसलं तर मोठा फॅन आणू नका, आहे तोच समोरच्या भिंतीत हलवा.